वर्गातील जातिभेद

वर्गातील जातिभेद म्हणजे शाळेत किंवा महाविद्यालयात अध्यापन, आसनव्यवस्था, गुणदान, कामांची वाटणी आणि रोजचे संबोधन यांत विद्यार्थ्याच्या जातीवरून केला जाणारा फरक. हा फरक उघड बहिष्काराच्या रूपात असतो, तसाच तो अनेकदा सरकारी कामकाजाच्या निमित्ताने, कोणाच्या मनात द्वेष नसतानाही घडतो. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि इतर मागास वर्ग यांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या व आरक्षणाच्या योजना आहेत. त्यासाठी शाळेला विद्यार्थ्याची जात नोंदवावी लागते. ही नोंद दफ्तरात असणे आणि तीच जात वर्गात सर्वांसमक्ष उच्चारली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गातील आपलेपणाची भावना आणि अभ्यासातील यश यांवर होणारा परिणाम प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीशी निगडित असल्याचे उपलब्ध संशोधनावरून दिसते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात शाळाप्रवेशाचा प्रश्न प्रथम सरकारदरबारी गाजला तो १८५६ साली. धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एका विद्यार्थ्यासाठी इतर सर्वांच्या विरोधात जाणे इष्ट नाही, असे कारण देऊन त्याला प्रवेश नाकारला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, हे तत्त्व पुढे इंग्लंडमधील वरिष्ठ सत्तेने मान्य केले. तत्त्व मान्य झाले तरी वर्गातील वागणूक बदलायला अनेक दशके लागली.

या काळातील सर्वांत तपशीलवार साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले, ते याच नोंदीमुळे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात आंबेडकरांनी त्या शाळकरी दिवसांचे वर्णन केले आहे. प्रवेश मिळाला होता, शिक्षक शिकवत होते, परीक्षाही घेतल्या जात होत्या. मात्र वर्गातील क्रमांकानुसार इतर मुलांमध्ये त्यांना बसता येत नसे. एका कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना वेगळे बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला शिवत नसल्याने तो रोज घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे.

या वर्णनातील ‘क्रमांकानुसार’ हा तपशील विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळच्या वर्गात बैठकीची जागा हाच अभ्यासातील यशाचा दृश्य पुरावा असे. हुशार विद्यार्थी वर चढे, मागे पडलेला खाली येई. कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाला वर चढण्याची सोयच नव्हती. उत्तर बरोबर आले तरी जागा तीच आणि चुकले तरी जागा तीच. मेहनत आणि तिचे फळ यांच्यातील दुवा अशा रीतीने जातीने तोडला होता. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवण्यासाठी शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते घाईघाईने बाजूला काढले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात आला आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही तो विषय नाकारला गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले.

## शाळेच्या दफ्तरातील जात

महाराष्ट्रात विद्यार्थ्याची जात प्रथम नोंदवली जाते ती दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, ज्याला शिक्षक ‘जनरल रजिस्टर’ किंवा नुसते ‘जी. आर.’ म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून दिला जातो. पुढे जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी यांसाठी या दाखल्याला पुरावा म्हणून मोठे मोल असते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर इतर मागास वर्गातील अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील, तर त्यांच्या शाळेचे जुने पान हाच कित्येक कुटुंबांकडचा एकमेव लेखी आधार असतो. त्यामुळे दफ्तरातून जात पुसून टाकावी ही सूचना ऐकायला समतेची वाटली, तरी वंचित कुटुंबाचे त्यातून नुकसानच होते.

विदर्भात या रकान्याला आणखी एक इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेक पालकांनी मुलांच्या नावापुढे ‘बौद्ध’ असे लिहवून घेतले. मागे टाकलेली जात मुलाच्या कागदावर पुन्हा येऊ नये ही त्यामागची भावना होती. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या कायद्याने मिळाला तो १९९० साली, आणि त्याच्या पुराव्यासाठी धर्मांतरापूर्वीच्या जातीची नोंद पुन्हा शोधावी लागली. एकच रकाना स्वाभिमानासाठी एक उत्तर मागतो आणि हक्कासाठी दुसरे, अशी ही कोंडी आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या पालकाचा आवाज जातीच्या प्रश्नाशी उतरतो, त्यामागे हा इतिहास असतो.

दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. वर्गात जात पोहोचते ती प्रामुख्याने लाभांच्या याद्यांमधून. पाचवी ते दहावीच्या मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, पहिली ते चौथीच्या मुलींचा उपस्थिती भत्ता, नववी-दहावीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती या प्रत्येकीसाठी वर्गशिक्षकाला प्रवर्गनिहाय नावे काढावी लागतात, कागद मागवावे लागतात आणि बँक खात्याचे क्रमांक जमवावे लागतात. काम अनेकदा तासाच्या मध्येच येते. ‘एस. सी.वाले हात वर करा’, ‘या मुलींनी उद्या उत्पन्नाचा दाखला आणा’ अशी वाक्ये उच्चारली जातात, ती कामाच्या घाईतून. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या पाल्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती हे याचे सर्वांत बोचरे उदाहरण होय. या योजनेचे नाव वर्गात वाचले, की मुलाच्या वडिलांचे काम चाळीस जणांना एकदम कळते.

लाभाची रचनाच कधी वर्गाचे दोन भाग पाडते. समग्र शिक्षा योजनेतील मोफत गणवेश कित्येक वर्षे सर्व मुली, अनुसूचित जाती व जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच मिळत असे. दारिद्र्यरेषेवरील इतर मुलांना तो मिळत नसल्याने वाटपाच्या दिवशी बाकांवर उरलेली मुले आणि पुढे बोलावलेली मुले असे दोन गट पडत. ज्यांना मिळे त्यांना ‘फुकटे’ ऐकावे लागे आणि ज्यांना मिळत नसे त्यांच्या मनात आकस बसे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील उर्वरित मुलांनाही गणवेश देण्याचा निर्णय झाल्यावर ही यादी वाचण्याचे कारण उरले नाही.

## जात उच्चारल्याचा परिणाम

जात सर्वांसमक्ष सांगितल्याने मुलाच्या कामगिरीवर परिणाम होतो का, हे प्रत्यक्ष तपासून पाहणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये केला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये जागतिक बँकेच्या शोधनिबंधात आणि त्यानंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतील ३२१ आणि दलित समाजातील ३२१ शाळकरी मुलगे सहभागी होते. त्यांना कागदावरील चक्रव्यूह दिले गेले. पेन्सिलने बाहेर पडण्याची वाट शोधायची आणि जितके कोडे सुटेल त्या प्रमाणात पैसे मिळवायचे, असा हा खेळ होता. शाळेत शिकवला जाणारा कोणताही विषय त्यात नसल्याने घरच्या शिकवणीचा किंवा पुस्तकांचा फायदा कोणाला मिळण्याचा संभव नव्हता.

काही गटांमध्ये मुलांची जात सांगितली गेली नाही. तेथे दोन्ही समाजांच्या मुलांनी सारख्याच प्रमाणात कोडी सोडवली. इतर गटांत खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आली. मुलांनी केवळ मान डोलवायची होती. कोडी तीच, वेळ तोच, मोबदला तोच. तरीही या गटांत दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे खालावली आणि दोन समाजांत मोठी तफावत दिसू लागली. बुद्धी किंवा तयारी बदलली नव्हती, बदलली होती ती फक्त खोलीतील परिस्थिती.

प्रयोगाचा पुढचा टप्पा कारणाकडे बोट दाखवतो. मोबदला कोणाला मिळणार हे ठरवण्यात चिठ्ठी काढण्याचा, म्हणजे निव्वळ नशिबाचा भाग आणल्यावर जातींमधील तफावत नाहीशी झाली. चिठ्ठीला जात कळत नाही. यावरून संशोधकांनी असा अर्थ लावला, की जात पुढे आणली गेल्यावर आपल्या मेहनतीचे मोल माणसे नीट करणार नाहीत अशी अपेक्षा मुलांच्या मनात तयार होते आणि त्या अपेक्षेने हात आखडतो. सातारच्या वर्गात बैठकीच्या जागेने जो दुवा तोडला होता, तोच येथे केवळ एका जाहीर वाचनाने सैल झाला.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. प्रयोगात फक्त मुलगे होते, काम थोड्या वेळाचे होते आणि वर्षभराच्या शिक्षणावर काय परिणाम होतो हे त्यातून मोजले गेले नाही. मात्र वर्गात अशी वाचने वर्षातून अनेकदा होतात हे लक्षात घेता, त्यांचा साचत जाणारा परिणाम अधिक असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिक्षकाच्या नजरेला तो हळूहळू दिसतो. पूर्वी हात वर करणारे मूल उत्तर येत असूनही गप्प बसू लागते, फळ्याजवळ जाणे टाळते आणि शिष्यवृत्तीच्या कागदाची सूचना झाली की दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. पालक मिळू शकणारा लाभ ‘नको’ म्हणतात, तेव्हा त्याचे कारण पैशाची गरज नसणे हे क्वचितच असते.

## गुणदानातील फरक

जात मुलाच्या हातावर जसा परिणाम करते, तसाच तो तपासणाऱ्याच्या लेखणीवरही करू शकतो. रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा भारतात केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांसाठी बक्षिसाची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी शिक्षक नेमले. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरील वय, लिंग आणि जात ही माहिती मुलाची खरी नसून सोडतीने ठरवलेली होती. त्यामुळे उत्तरांचा दर्जा आणि पानावरची जात यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही खालच्या मानल्या जाणाऱ्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. हा फरक प्रमाण विचलनाच्या ०.०३ ते ०.०८ पट इतका, म्हणजे लहान होता. एका उत्तरपत्रिकेत तो जाणवणारही नाही, पण काठावरच्या मुलाच्या बाबतीत आणि वर्षानुवर्षे तो एकाच दिशेने झुकत राहिला तर त्याला अर्थ येतो.

या अभ्यासातील दोन निरीक्षणे विचार करायला लावणारी आहेत. एक म्हणजे हा भेद करणाऱ्यांत मागास समाजातील शिक्षकच पुढे होते, तर उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतील शिक्षकांच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. म्हणजे केवळ शिक्षकाची जात बदलल्याने प्रश्न सुटत नाही. समाजात रुजलेली अपेक्षा त्या समाजातून आलेल्या शिक्षकाच्याही मनात उतरलेली असू शकते. दुसरे निरीक्षण असे, की फरक गठ्ठ्यातील सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांमध्ये अधिक होता. सुरुवातीला किती उत्तराला किती गुण द्यायचे याचे माप तपासणाऱ्याच्या मनात पक्के झालेले नसते. जेथे माप ढिले असते तेथे पूर्वग्रहाला जागा मिळते.

महाराष्ट्रातील शाळांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या शासन निर्णयात पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के ठेवण्यात आला. त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांचा समावेश होतो. लहान मुलांना लेखी परीक्षेच्या ताणातून सोडवणारी ही पद्धत शैक्षणिकदृष्ट्या योग्य आहे. मात्र तिच्यातील बहुतेक गुण शिक्षकाच्या मतावर अवलंबून असतात आणि लेखी नोंदींचे निकष स्पष्ट नसतील तर हॅना-लिंडन यांनी दाखवलेली ढिलाई येथे अधिक शिरते. ती ओळखण्याचा एक साधा मार्ग म्हणजे तोंडी व उपक्रमाचे गुण आणि लेखी गुण शेजारी मांडून पाहणे. एखाद्याच वस्तीतील मुलांचे तोंडी गुण लेखी गुणांच्या मानाने सातत्याने कमी येत असतील, तर कारण मुलांमध्ये शोधण्यापूर्वी तपासणीत शोधणे योग्य ठरते.

## उच्च शिक्षणातील स्वरूप

महाविद्यालयात जात उघड करण्याची साधने बदलतात. प्रवेश परीक्षेतील गुणवत्ता क्रमांक विचारणे ही त्यांतील सर्वांत प्रचलित पद्धत आहे. क्रमांक कळला की विद्यार्थी कोणत्या प्रवर्गातून आला याचा अंदाज बांधता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रथम वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर हा प्रश्न चर्चेत आला. संस्थेच्या चौकशी समितीला थेट जातिभेदाचा पुरावा आढळला नाही, तर विद्यार्थ्यांच्या संघटनांनी त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. सहाध्यायीला प्रवेश परीक्षेतील क्रमांक किंवा जात सूचित करणारी अन्य माहिती विचारणे अयोग्य असल्याचे त्यांत नमूद केले.

त्यापूर्वी २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल या अनुसूचित जमातीच्या होत्या. वरिष्ठ विद्यार्थिनींकडून जातिवाचक छळ झाल्याची तक्रार कुटुंबाने केली आणि तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे भेदभावविरोधी नियम कागदावरच राहिले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

## कायदे आणि नियम

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम ८ आणि ९ नुसार दुर्बल व वंचित घटकांतील बालकांशी भेदभाव होणार नाही हे पाहणे सरकारचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केल्यास अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ लागू होऊ शकतो. मात्र शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचणे यांत अपमानाचा हेतू नसतो. त्यामुळे रोजच्या व्यवहारातील हा भाग फौजदारी कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि शालेय स्तरावर त्याविषयी स्पष्ट आचारनियमांची गरज उरते.

उच्च शिक्षणात असे नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांत विद्यार्थ्यांची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश वर्गात जाहीर करणे, त्यांना राखीव प्रवर्गातील म्हणून संबोधणे आणि अभ्यासात मागे पडण्याचे कारण म्हणून जातीचा उल्लेख करणे यांना मनाई आहे. या विनियमांच्या जागी आयोगाने १३ जानेवारी २०२६ रोजी नवे विनियम अधिसूचित केले. जातिभेदाच्या व्याख्येत केवळ अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्ग यांचाच समावेश केल्यावरून त्यांना विरोध झाला. २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या विनियमांना स्थगिती देऊन तोपर्यंत २०१२ चेच विनियम चालू ठेवण्याचा आदेश दिला. या वादात लक्ष व्याख्येकडे आणि गैरवापराच्या शक्यतेकडे गेले. वर्गात जात जाहीर करू नये या मूळ नियमाविषयी मात्र दोन्ही बाजूंत फारसा मतभेद दिसला नाही.

शालेय स्तरावरील सर्वांत नेमक्या सूचना तामिळनाडूत पुढे आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर त्याच्याच शाळेतील मुलांनी घरात शिरून कोयत्याने हल्ला केला. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ च्या अहवालात समितीने हजेरीपटात जातीचा रकाना नसावा, बैठक वर्णानुक्रमे असावी, शिक्षकांनी जातीचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष उल्लेख करून मुलांना बोलावू नये आणि शिष्यवृत्तीची सूचना मुख्याध्यापकांनी आपल्या दालनात स्वतंत्रपणे द्यावी, अशा शिफारशी केल्या.

## ग्रामीण शाळा आणि उपायांच्या मर्यादा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे परिचित असलेले गाव आहे. अशा कोणत्याही गावातील शाळेत जात गुप्त राहू शकत नाही. आडनाव, वस्ती, वडिलांचे काम आणि घरातील तसबिरी यांवरून मुलांना एकमेकांची जात शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. मग वर्गात ती न उच्चारल्याने काय साधणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो.

याचे उत्तर हॉफ-पांडे प्रयोगाच्या रचनेत आहे. मुलाला आपली जात माहीत नव्हती आणि ती ऐकून कळली, असे तेथे झाले नाही. जे ठाऊक होते तेच अधिकारी व्यक्तीने सर्वांसमोर, कामाला लागण्याच्या क्षणी उच्चारले. त्यामुळे या खोलीत हिशेब कशावरून होणार याविषयी मुलाचा समज बदलला. गावाला जात माहीत असणे शिक्षकाच्या हातात नाही. वर्गाचा हिशेब जातीवरून होत नाही, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते. हा समज शब्दांपेक्षा कामांच्या वाटणीतून बनतो. वर्ग कोण झाडतो, पाणी कोण भरतो, पाहुण्यांना चहा कोण नेऊन देतो, शालेय पोषण आहाराची पंगत कशी बसते, वह्या गोळा करण्याचे मानाचे काम कोणाकडे असते आणि अवघड प्रश्न कोणाला विचारला जातो, याची महिनाभर नोंद ठेवली तर भेद आहे की नाही हे कळून येते. पाळीचा तक्ता भिंतीवर लावून ही कामे हजेरी क्रमांकाने फिरवणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण चिठ्ठीप्रमाणेच हजेरी क्रमांकालाही जात कळत नाही.

शिष्यवृत्तीबाबत उपाय तितकाच साधा आहे. लाभार्थ्यांची यादी वर्गात न वाचता कागदांची मागणी बंद पाकिटातून किंवा पालकांना थेट कळवता येते. नाव घालतानाच जातीचे, उत्पन्नाचे आणि बँकेचे कागद प्रत्येक पालकाकडून एकाच वेळी घेतले, तर वर्षभरात पुन्हा पुन्हा विचारण्याची वेळ येत नाही. तपासणीच्या बाबतीत गुणांचे निकष आधी लिहून ठेवणे, नावाचे पान दुमडून तपासणे आणि गठ्ठ्यातील पहिल्या पाच उत्तरपत्रिका शेवटी पुन्हा पाहणे, हे उपाय हॅना-लिंडन यांच्या निरीक्षणातून थेट निघतात.

अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयाच्या सुरुवातीला परकेपणा सर्वांनाच वाटतो आणि तो कालांतराने ओसरतो, हे समजावणाऱ्या सुमारे तासाभराच्या उपक्रमाचा परिणाम तपासला. त्यानंतर तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतील तफावत जवळपास निम्म्यावर आली. हा उपाय भारतात जसाच्या तसा उचलण्याविषयी सावधगिरी आवश्यक आहे. परकेपणा हा मुलाचा गैरसमज असेल तेथे समजूत उपयोगी पडते. जेथे पंगत खरोखरच वेगळी बसते आणि झाडू खरोखरच ठराविक हातांत दिला जातो, तेथे मुलाला ‘असे सर्वांनाच वाटते’ हे सांगणे खोटे ठरते. अशा वर्गात आधी पंगत बदलावी लागते, समजुतीचे काम त्यानंतरचे.